लाल दिवा नाही, म्हणून तक्रार बंद!

राजारामपुरीत फायबर घेतलं तेव्हा जोडणी अर्ध्या तासात झाली, त्याबद्दल काही तक्रार नाही. डोकं फिरलं ते नंतर. रोज संध्याकाळी सात वाजले की नेट गायब, सकाळी परत ठणठणीत.

तक्रार केंद्राचा प्रश्न ठरलेला: "लाल दिवा लागलाय का?" तो लागला म्हणजे घरात प्रकाश पोचत नाही. आमचा लागलेला नसायचा. घरातल्या फायबरच्या डब्यावर पॉन लिहिलेला हिरवा दिवा मात्र जोडणी न जुळल्यानं लुकलुकत राहायचा. तेवढ्यावर तक्रार 'निकाली' निघाल्याचा मेसेज! घरी आलेल्या पोरानं मीटर लावला, प्रकाशाची ताकद उणे २० डीबीएम. "लाईट तर झक्कास येतोय की ओ." खरंच येत होता. साधारण उणे २७ पर्यंत चालतं. पण तो झाला येणारा प्रकाश, जाणाऱ्याचं काय?

येताना प्रकाश स्प्लिटरमध्ये नुसता वाटला जातो. आमच्याकडे आधी एकाचे चार, मग जिन्यातल्या पेटीत प्रत्येकाचे आठ, म्हणजे बत्तीस घरं एकाच तारेवर. जाताना सगळ्यांचा प्रकाश त्याच तारेत मिसळतो, म्हणून कंपनीच्या ऑफिसमधलं यंत्र प्रत्येक घराला बोलायची वेळ नेमून देतं. आपली पाळी नसेल तेव्हा घरातल्या डब्याचा लेझर बंद हवा. भजनात एकानं टाळ थांबवलाच नाही तर बाकीच्यांचं काय ऐकू येणार? नेमकं तेच चाललं होतं.

मला शंका आली ती समोरच्या बिल्डिंगमुळे. त्यांचंही नेट त्याच मिनिटाला जायचं. नुसती आमची वायर खराब असती तर त्यांचं का जावं? हे फोनवर पटवता पटवता घसा बसला. (शेजाऱ्यांना आधी विचारा, मगच फोन लावा.)

शेवटी एक जाणते तंत्रज्ञ संध्याकाळी आले. त्यांनी आमच्या पेटीत येणारी मुख्य तार काढली, तर समोरच्यांचं नेट लगेच सुरू. म्हणजे चोर आमच्याच जिन्यात. तार परत लावून आठ जोड एकेक करून काढत गेले, ऑफिसमधला माणूस फोनवर. पाचवा काढताच पलीकडून आवाज, "आले, आले, सगळे आले!"

त्या घरातल्या डब्याच्या तोंडाला त्यांनी मीटर लावला, १३१० नॅनोमीटरवर, म्हणजे जाणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर. वरून प्रकाश आला नाही तर चांगला डबा गप्प बसतो, हा मात्र सतत प्रकाश फेकत होता. घरमालक कामावर जाताना मेन स्विच बंद करायचे, म्हणून दिवसा सगळं सुरळीत. डबा बदलला, विषय संपला.

मीटर असो वा नसो, त्या तोंडात डोकावू नका, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही. आणि तक्रार नोंदवताना "एकाच पॉन पोर्टवरची बाकीची घरं बघा" हे वाक्य तस्संच म्हणा, पॉन पोर्ट म्हणजे ऑफिसच्या यंत्रात आपली तार लागते ती जागा; निदान पुढच्या माणसाकडे फोन जातो. त्या दिवसांची बिलातली सूट मात्र मला अजून मिळालेली नाही.