तीन थीटा पाठ कशाला करायचं

पुतणी अकरावीला आहे, संध्याकाळी विश्रामबागेतल्या आमच्या घरी वही घेऊन येते, मध्ये भडंगाची वाटी आणि आजूबाजूला गणित. परवा मोठमोठ्यानं घोकत होती, कॉस तीन थीटा म्हणजे चार कॉस क्यूब वजा तीन कॉस, आणि साइनवर आली की क्रम उलटा होतो म्हणून तिथंच गाडी अडायची. मी म्हटलं, "अगं घोकतीस काय, काढ की."

"काढू कसं, काका?"

एक त्रिज्येचं वर्तुळ घ्यायचं, त्यावर θ कोनाला बसलेला कॉम्प्लेक्स नंबर म्हणजे cos θ + i sin θ. पोलर फॉर्ममध्ये दोन नंबर गुणले की लांब्या गुणल्या जातात आणि कोन मिळवले जातात. इथं लांबी एकच, त्यामुळं घन केला तरी ती एकच राहते, कोन फक्त तिप्पट होतो. म्हणजे घन हा cos 3θ + i sin 3θ झाला. हे द मॉयव्हरचं सूत्र, तो जन्मानं फ्रेंच पण आयुष्य काढलं लंडनमध्ये.

आता तोच घन शाळेतल्या (a + b)³ नं सोडवायचा, i² म्हणजे −1 हे धरून, कॉसला c आणि साइनला s म्हणू:

c³ + 3ic²s − 3cs² − is³

i नसलेलं सगळं cos 3θ, i च्या बरोबरचं सगळं sin 3θ. एकाच गुणाकारात दोन्ही सूत्रं, मला तर हा सौदा फारच स्वस्त वाटतो! पहिल्यात s² च्या जागी 1 − c² घातलं की 4c³ − 3c, दुसऱ्यात c² च्या जागी 1 − s² घातलं की 3s − 4s³.

पोरीनं i² चा वजा खाल्ला आणि c³ + 3cs² लिहून मोकळी झाली. वर θ = 0 घालून ताळाही केला, उत्तर 1 आलं, बाईसाहेब खूश. पण शून्याला s च शून्य, मग त्या पदाचं चिन्ह काहीही असलं तरी कळणार कुठनं? 60 अंश घाल म्हटलं. 1/8 + 9/8, म्हणजे 1.25, आणि कॉस कधी एकच्या वर जातो होय? वजा घातल्यावर −1 आलं, 180 अंशाचा कॉस तोच.

मग तिला sin 4θ नुसत्या साइनमध्ये पाहिजे झालं. ते काय होत नाही. i च्या बाजूला 4c³s − 4cs³ येतं, c च्या घाता विषम, त्यातले c² जातात पण एक c उरतोच, त्याला घालवायला वर्गमूळ घ्यावं लागतं आणि मग अधिक की वजा ही नवी भानगड. कोनाची पट सम असली की साइनचं हे असंच. पाचपट घेतली तर c सगळे सम घातांचे, सरळ 16s⁵ − 20s³ + 5s. तिनं हे स्वतः काढलं आणि ताळ्याला या वेळी शून्य नाही, 90 अंश घातले.