पूररेषेचं सुनीत: कलाटणी आठव्या ओळीनंतर की बाराव्या?

गेल्या नोंदीत म्हटलं होतं तसं, एकच विषय घेऊन दोन साच्यांत सुनीत लिहायला घेतलंय. विषय सांगलीकरांना समजावून सांगायला नको: घराच्या भिंतीवर राहिलेली पुराच्या पाण्याची रेघ. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टनंतर नदीकाठच्या कित्येक भिंतींवर ती मातकट रेघ उरली. त्याच भिंतीवर पुढं मुलांची उंची मोजून पेन्सिलीनं रेघा मारल्या जातात. कविता या दोन रेघांची आहे. प्रश्न एवढाच, की नदीकडून मुलीकडं वळायचं कुठं.

वृत्त भुजंगप्रयात घेतलंय. मराठीतलं पहिलं सुनीत म्हणून केशवसुतांच्या 1892 च्या ‘मयूरासन आणि ताजमहाल’चं नाव घेतात. ते स्वतः या प्रकाराला चतुर्दशक म्हणत. त्यांच्यापासून सुनीत म्हटलं की शार्दूलविक्रीडित अशी सवयच पडलीय. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्यावर यती, ऐटबाज चाल. पण मला घरगुती, दबका आवाज हवा होता आणि भुजंगप्रयाताची बारा अक्षरं त्याला पुरतात. याचं एक भाडं भरावं लागतं, ते पुढं सांगतो.

आधी इंग्रजी साचा घेतला, कखकख गघगघ चछचछ जज. चार-चार ओळींचे तीन टप्पे आणि शेवटी द्विपदी. पाणी पायरीशी, मग खिडकीशी, मग फळीशी, असे तीन टप्पे या साच्यानं आपणहून सुचवले. पहिला टप्पा असा:

नदी पायरीशी जरा थांबलेली,
घराने तिला ओळखीने पुसावे,
किती पावसाने कथा लांबलेली,
घरातील कोणी घरी का नसावे?

चौथी ओळ आधी नव्हती. ‘पुसावे’ला यमक शोधताना ‘नसावे’ आलं आणि त्याबरोबर रिकामं घर आलं. माणसं आधीच स्थलांतरित झालीत, घर नदीशी बोलतंय आणि उलट प्रश्न नदीच विचारतेय. हे मी ठरवलेलं नव्हतं. एकाआड एक यमकात असं होतं, की दुसऱ्या ओळीनं टाकलेला शब्द कानात लटकून राहतो आणि चौथ्या ओळीला त्याचा हिशोब द्यावा लागतो. विचारलं आणि कुणी नाही, हे दोन शब्द यमकानं समोरासमोर उभे केले.

आता द्विपदी. आधीच्या बारा ओळींत यमक एकाआड एक येत असतं, म्हणून लागोपाठ दोन ओळी जुळल्या की दार लागल्यासारखं वाटतं, इंग्रजीतली ही किमया त्या फरकावर उभी आहे. मराठी कानाला मात्र जोडयमक नवं नाही. आर्या, साकी, श्लोक, सगळीकडं ते लागोपाठच ऐकत आपण मोठे झालो. त्यात भुजंगप्रयात म्हणजे मनाच्या श्लोकांचं वृत्त, आणि सज्जनगड काही इथून लांब नाही. पहिल्या खर्ड्यातली द्विपदी बघा:

जरी पूर आला तरी ना डरावे,
नव्याने घराला उभेही करावे.

साताऱ्यात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्यांना फोनवर खर्डे वाचून दाखवतो. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “अहो, पुढं ‘मना सज्जना’ म्हणून टाका की, कशाला अडखळताय?” त्यांचं निदान बरोबर होतं. भुजंगप्रयात, जोडयमक आणि ‘-वे’ कारान्त क्रियापद हे तिन्ही एकत्र आले की कवी कोणीही असो, आवाज उपदेशाचाच निघतो. ‘-वे’ हे विध्यर्थाचं रूप आहे, म्हणजे आज्ञेचा धाकटा भाऊ. पहिल्या टप्प्यात तेच रूप चाललं, कारण तिथं ते प्रश्नात होतं आणि जोडीनं आलं नव्हतं.

मग विध्यर्थ काढला आणि द्विपदीत नुसतं दाखवायचं ठरवलं:

नदीची जिथे रेघ भिंतीत राहे,
मुलीची तिथे आज पोचून आहे.

बाई म्हणाल्या, “आता कसं! पण ‘राहे’ जुनाट वाटतंय.” वाटतंय खरं. ‘आहे’शी जुळणारं साधं, आजचं क्रियापद सापडेपर्यंत ते राहणार.

द्विपदी तपासायची माझी पद्धत सोपी आहे. शेवटच्या दोन ओळी हातानं झाकायच्या आणि बारा ओळी वाचायच्या. झाकल्यावरही काही अडत नसेल, तर त्या दोन ओळी डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी झाल्या, आत काय आहे ते पुन्हा सांगणारी. ‘डरावे-करावे’ झाकलं तर काहीच हरवत नव्हतं. ‘मुलीची तिथे’ झाकलं तर कवितेत मुलगीच उरत नाही. अर्थात त्यातून दुसरी अडचण निघते. बारा ओळी नदी आणि दोनच ओळी मुलगी, त्यामुळं मुलगी टाळी घेऊन निघून जाते. तिच्याजवळ थांबायला जागाच नाही. इंग्रजी साच्याची ही मर्यादाच आहे. तिथली द्विपदी झटका देते, मुक्काम करू देत नाही. शेक्सपियरच्या सुनीतांतही पुष्कळदा विचार नवव्या ओळीलाच वळतो आणि द्विपदी त्यावर शिक्का मारते, ती उगीच नव्हे.

म्हणून तोच माल इटालियन साच्यात ओतला. कखखक कखखक हे अष्टक, पुढं तीन नव्या यमकांचं षट्क. इथं ‘क’ यमक चार वेळा लागतं. इटालियनला ते जड नाही, तिथं शब्दांची शेवटं सारखी पडतात. इंग्रजीला जड जातं, म्हणून सोळाव्या शतकात इंग्रज कवी सरे यांनी यमकांची संख्या वाढवून ओझं हलकं केलं. मराठीचं काय? वरवर पाहता आपण इटालियनांपेक्षा श्रीमंत. ‘-लेली’ लावली की हजार शब्द जुळतात. पण ते प्रत्ययाचं यमक झालं, सगळ्यांनी एकच टोपी घातल्यासारखं. धातूही जुळला पाहिजे असं म्हटलं की आपण लगेच गरीब होतो. ‘थांबलेली’ला ‘लांबलेली’ मिळाली, आणि बराच वेळ डोकं खाजवल्यावर ‘आंबलेली’. या तिसऱ्या शब्दानं मला स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं. पूर ओसरल्यावर ज्यांनी घर धुतलंय त्यांना तो वास सांगायला नको:

डब्यातील सारी पिठे आंबलेली

आता ही ओळ कुठं पडते ते पाहा. कखखक कखखकमध्ये चौथी आणि पाचवी ओळ एकाच यमकाची असते. म्हणजे चौथीला ‘किती पावसाने कथा लांबलेली’ आणि लगेच पाचवीला ‘डब्यातील सारी पिठे आंबलेली’. कागदावर या दोन ओळींमध्ये चौकडी संपते, पण कान मात्र दोघींची गाठ मारतो. लांबलेली कथा आणि आंबलेलं पीठ, वाट पाहण्याची दोन रूपं शेजारी येतात. कडव्याची भिंत पडून आठ ओळींची एकच खोली होते. इंग्रजी साच्यात याच दोन ओळी पहिल्या आणि तिसऱ्या जागी ठेवून पाहिल्या, तेव्हा हे नातं विरून गेलं.

चौथ्या ‘क’साठी धातू जुळणारा शब्द मिळाला नाही. ‘मोजलेली’ ठेवलं. यमक लंगडं आहे, पण आठवी ओळ त्याच्यावाचून होणार नाही, कारण कलाटणी तिच्यावर टेकलीय. आठवी आणि नववी:

नदीने घराची मिती मोजलेली.
मुलीला अता भिंत ती मोजताहे

कलाटणीबद्दल या वेळी जे हाताला लागलं ते इथंच. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी बसतं आणि यमकही शेवटी. म्हणजे आपल्याकडं यमक बदलणं म्हणजे बहुतेक वेळा काळ बदलणं. अष्टकभर ‘-लेली’ ऐकलं, सगळं होऊन गेलेलं. नवव्या ओळीला ‘-ताहे’ आलं आणि गोष्ट वर्तमानात शिरली. ‘पण’, ‘तरीही’, ‘परंतु’ काही घालावं लागलं नाही. माझ्या जुन्या सुनीतांत नववी ओळ ‘परी’नं सुरू व्हायची. आता तो ‘परी’ दिसला की मी आधी आठव्या आणि नवव्या ओळीची शेवटची क्रियापदं बघतो. दोन्हींचा काळ आणि अर्थ सारखाच असेल, तर वळण शब्दानं जाहीर झालंय, घडलेलं नाही. धातू तोच ठेवून कर्ता-कर्म उलटवणं (नदी घर मोजते, भिंत मुलीला मोजते) हे अधिकचं. ते दर वेळी करायला गेलो तर चलाखी वाटेल.

एक मात्र आहे. वळण ऐकू यायला हवं असेल तर अष्टकातली यमकं षट्कात चोरूनही येता कामा नयेत. दहाव्या ओळीला मी ‘वाढलेली’ लिहिलं होतं. मुलगी वाढलेली, अर्थ फक्कड. पण मोठ्यानं वाचलं आणि नदी परत घरात शिरली. काढलं. आता दहावीला ‘पेन्सिलीने’वर ओळ संपवतोय, म्हणजे यमक क्रियापदावरून उतरून वस्तूवर येईल आणि षट्काचा आवाज अष्टकाहून सुटा होईल. त्याला ‘वडिलीने’सारखं ओढूनताणून काही जोडायचं नाही, एवढं पक्कं.

दोन्ही खर्ड्यांत मला इटालियन जास्त पटतोय, या विषयापुरता. टाळी घेणारा शेवट हवा असता तर उलट म्हणालो असतो.

सध्या तिसरा खटाटोप सुरू आहे. मिल्टननं आपल्या अंधत्वावरच्या सुनीतात नवव्या ओळीची वाट न बघता आठवीच्या मध्यातच विचार वळवलाय. भुजंगप्रयाताची ओळ सहा-सहा अक्षरांत सहज दुमडते, तेव्हा जागा आहे. आत्तापर्यंत एवढं जमलंय:

नदी मोजुनी जाय, ती वाळलेली
मुलीला पुन्हा भिंत ती मोजताहे

यमक शाबूत आहे आणि वाक्य आठवीतून नववीत सरळ वाहतं, त्यामुळं वळण कळायच्या आत होऊन जातं. अडचण ‘ती’ची आहे. ‘जाय’नंतर लगेच ‘ती’ आली की कान तिला नदीच समजतो आणि वाळलेली नदी असा भलताच अर्थ लागतो. ‘भिंत’ स्वल्पविरामानंतर लगेच आली पाहिजे. ‘नदी मोजुनी जाय, भिंतीत ओली’ असंही करून बघितलं, पण मग भिंत वाळतच नाही आणि पेन्सिल उमटायला कोरडी भिंत लागते. कुणाला लघु-गुरू सांभाळून काही सुचलं तर कळवा.