नुसतं 'पाहिलं' लिहून भागत नाही

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा स्नेहसंमेलनं, सहली, नागपूरच्या महालातल्या गल्ल्यांमधून निघणारी आमची प्रभातफेरी, असं बरंच काही आठवलं. त्याविषयी माझ्या वर्गातले इतर लिहितीलच. मला लिहायचंय ते आमच्या मराठीच्या बाईंनी नववीत शिकवलेल्या एका गोष्टीविषयी. आज मी दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचते, निवडते, लेखकांना दुरुस्त्या सुचवते. त्या कामात बाईंचा तो धडा मला सतत लागतो. कथेतलं माणूस दुसऱ्याकडे कसं बघतं हे लिहायचं कसं, एवढाच तो धडा होता.

दिवस पोळ्याच्या आसपासचे होते. बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'काकूंनी बैलाकडे पाहिलं.' नागपुरात वाढलेल्यांना प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात, घरची बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवते. बाईंनी त्यात थोडी भर घातली. दारात आलेला मुलगा काकूंकडे भांडी घासणाऱ्या मावशींचा. त्याचा बैल जुना आहे, एका शिंगाचा टवका उडालेला. तो बैल मुळात काकूंच्याच मुलाचा, जो आता शिकायला पुण्याला गेलाय. सासूबाईंनी माळा आवरताना तो परस्पर मावशींना देऊन टाकला आणि काकूंना त्याचा पत्ताच नाही. सासूबाई आणि मावशीही दारातच उभ्या आहेत. आता 'पाहिलं'च्या जागी काय लिहाल?

वर्गाने भराभर उत्तरं दिली. रागाने पाहिलं, प्रेमाने पाहिलं, आश्चर्याने पाहिलं, दुःखाने पाहिलं. बाईंनी ती सगळी फळ्यावर लिहून घेतली आणि मग पहिला शब्द प्रत्येक ठिकाणी पुसला. खाली राहिलं ते पुन्हा तेच, पाहिलं, पाहिलं, पाहिलं. "प्रेमाने म्हणजे काय ते तुम्हीच सांगून मोकळे झालात," बाई म्हणाल्या, "वाचणाऱ्याला काहीच दिसलं नाही."

मग त्यांनी जे दाखवलं ते मी नंतर कुठल्या पुस्तकात इतकं स्वच्छ वाचलेलं नाही. आधी ठरवायचं की बघणं माणसाने केलं की त्याच्याकडून झालं. मराठीत ही सोय क्रियापदातच आहे. नजर जाते, पडते, वळते, खिळते. यात माणसाचा हात नसतो. नजर टाकली जाते, फिरवली जाते, रोखली जाते, चुकवली जाते. यात माणसाची इच्छा असते. 'काकूंची नजर बैलाच्या शिंगावर गेली' असं लिहिलं की काकू बेसावध होत्या हे कळलं. 'काकूंनी बैलावर नजर टाकली' लिहिलं की काकू कामाच्या घाईत आहेत, दारात आलेल्या पोरांपैकी हा एक आणि हा त्याचा बैल, इतकंच. काकूंना अजून काही ओळखू आलेलं नाही, तेव्हा इथे 'टाकली' बरोबर. ओळख पटते त्या वाक्यात मात्र 'गेली'च हवं, कारण ओळख कुणी ठरवून पटवत नसतं.

त्यानंतर निरखणं आणि न्याहाळणं. दोन्ही सावकाश होतात, दोन्हींत बघणारा जवळ असतो, म्हणून लिहिणारे ते एकमेकांच्या जागी सहज वापरतात. पण निरखणाऱ्याला काहीतरी शोधायचं असतं. सराफ दागिना निरखतो, वधूपित्याला स्थळाचं घर निरखावंसं वाटतं. न्याहाळणाऱ्याला शोधायचं काही नसतं, त्याला बघण्यातच सुख असतं. आई झोपलेल्या बाळाला न्याहाळते. तिने त्याला निरखलं तर अंगावर पुरळ आलंय का ते ती बघतेय असं वाटेल. काकूंच्या प्रसंगात हे दोन्ही शब्द लागतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. बाईंनी वर्गाकडून करून घेतलेला मजकूर माझ्या वहीत होता, तो साधारण असा:

'काकूंनी ताट हातात घेत बैलावर नजर टाकली. कुंकू लावायला वाकल्या आणि त्यांची नजर मोडक्या शिंगावर गेली. त्यांनी ताट खाली ठेवलं. बैल उचलून पोटाखालची बाजू निरखली. तिथे खिळ्याने कोरलेलं अक्षर अजून होतं. मग कितीतरी वेळ त्या बैलाला न्याहाळत राहिल्या.'

प्रेम, दुःख, आश्चर्य यांतला एकही शब्द यात नाही. टाकली, गेली, निरखली, न्याहाळत राहिल्या, या चार क्रियापदांनी काकू घाईतून आठवणीत गेल्या. क्रम उलटा केला तर कथाच बदलते. काकूंनी आधी न्याहाळलं आणि मग निरखलं, तर त्यांना बैल आवडला आणि मग संशय आला, असं होईल. पुढचं वाक्य मावशींवर चोरीचा आळ घेणारं असेल अशी वाचकाची तयारी होईल.

सासूबाईंचं काय करायचं? त्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते उघड होऊ नये असं त्यांना वाटतंय. कुणीतरी म्हणालं, त्यांनी मावशींकडे रोखून पाहिलं. बाईंनी विचारलं, रोखून कोण पाहतं? ज्याला समोरच्याला भिडायचंय तो. रोखून पाहणं लांबतं, इतरांच्याही लक्षात येतं, आणि सासूबाईंना नेमकं तेच नकोय. त्यांना हवा कटाक्ष. कटाक्ष क्षणाचा असतो, तिरपा असतो, आणि ज्याच्यासाठी टाकला त्याला तो कळावा लागतो. म्हणून कटाक्षाच्या पुढच्याच वाक्यात मावशींनी काहीतरी केलं पाहिजे, पदर सारखा केला, पोराचा दंड धरला, काहीही. कटाक्ष टाकला आणि कुणाला काही झालंच नाही, तर तो शब्द वाया गेला.

डोळे वटारणं मी मुद्दाम वेगळं काढते, कारण त्यात नात्यातली उतरंड आयती येते. मोठ्याने लहानावर डोळे वटारले तर घरात कुणी मान वर करून बघत नाही. मावशींनी बोजाऱ्यासाठी हात पुढे करणाऱ्या आपल्या पोरावर डोळे वटारले, हे साधं वाक्य झालं. पण त्याच मावशींनी सासूबाईंवर डोळे वटारले असं लिहिलं तर कथेत मोठी घटना घडली. लिहिणाऱ्याला ती घडवायची असेल तर उत्तमच, नाहीतर शब्द चुकला. मावशींना मनातला राग दाखवायचाच असेल तर त्यांनी सासूबाईंकडे बघायचंच टाळावं. नजर न देणं हा खालच्या माणसाच्या हातातला राग आहे, आणि कथेत तो फार चांगला चालतो.

त्या मुलाला आमच्या वर्गाने जो शब्द दिला तो घरातला होता. तो काकूंच्या हातातल्या बैलाकडे टुकूर टुकूर पाहत राहिला. टक लावून पाहणारा गुंग झालेला असतो, डोळे विस्फारून पाहणारा चकित झालेला असतो. टुकूर टुकूर पाहणाऱ्याला काहीतरी हवं असतं आणि मागायची सोय नसते. आपला बैल परत मिळेल की नाही, हे त्या पोराने विचारलेलं नाही, तरी ते वाक्यात आलं. शेजारच्या गच्चीवरून एखादी बाई हे सगळं बघत असेल तर ती डोकावेल. डोकावायला मान पुढे काढावी लागते, कठडा किंवा दार लागतं, आणि मुख्य म्हणजे जिथे बघतो तिथला आपला हक्क नसावा लागतो. म्हणून स्वतःच्या खोलीत डोकावणारं पात्र दिसलं की मी थांबते. ती खोली आता त्याची राहिलेली नाही असं लेखकाला सांगायचं असेल तर तो शब्द फारच सुंदर आहे.

माझ्याकडे येणाऱ्या कथांमध्ये दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली दुहेरी शब्दांची. 'रागाने डोळे वटारले', 'बारकाईने निरखलं', 'चोरटा कटाक्ष'. वटारण्यात राग आहेच, निरखण्यात बारकाई आहेच. पहिला शब्द झाकून वाक्य वाचावं. अर्थ तसाच राहिला तर तो शब्द काढावा. दुसरी चूक संवादात होते. दोघं बोलतात आणि दर वाक्यानंतर कुणीतरी कुणाकडे तरी बघतं. 'त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं.' लेखकाला तिथे फक्त श्वास घ्यायचा असतो. मी लेखकांना पानावरच्या सगळ्या नजरांखाली रेघ मारायला सांगते. ज्या नजरेने पुढे काहीच बदलत नाही, जी कुणाच्या लक्षातही येत नाही, ती कापली तरी पान जागेवर राहतं. तिथे श्वास हवाच असेल तर पात्राच्या हाताला काम द्यावं.

याहून अवघड भाग बाईंनी दहावीत सांगितला. नजरेचा शब्द कोण उच्चारतंय? कथा काकूंच्या मनातून चालली असेल तर 'न्याहाळत राहिल्या' ठीक. तीच कथा मुलाच्या बाजूने लिहिली तर त्याला काकूंचं मन कसं कळणार? त्याला एवढंच दिसेल की काकूंनी बैल उचलला आणि त्या एकटक बघत बसल्या. त्याला वाटेल, आपल्यावर चोरीचा आळ येणार. वाचकाला अक्षराचं ठाऊक असेल आणि मुलाला नसेल, तर 'न्याहाळणं' आणि 'एकटक बघणं' यांच्यामधल्या जागेत सगळी कथा मावते. मुलाच्या तोंडी 'न्याहाळलं' घातलं की त्याची भीती संपली आणि तिच्याबरोबर कथाही. आजही प्रत्येक कथेत मी आधी हे तपासते. बहुतेक फसलेल्या कथांमध्ये शब्द चांगलाच निवडलेला असतो, पण तो भलत्या माणसाच्या डोळ्यांना दिलेला असतो.

आणि काही ठिकाणी मी लेखकाने घातलेला देखणा शब्द काढून साधं 'पाहिलं' परत आणते. काकूंनी बैल मुलाच्या हातात परत दिला, त्याला बोजारा दिला, आणि मग सासूबाईंकडे पाहिलं. इथे रोखून नको, कटाक्ष नको, तिरपं नको. काकू रागावल्यात की त्यांनी माफ केलंय, हे त्यांचं त्यांनाही अजून ठरलेलं नाही. ठरलेला शब्द घातला तर आपण त्यांच्या आधी निकाल देतो. आधीच्या साऱ्या नजरा नेमक्या असतील तर त्या एका 'पाहिलं'वर वाचक थांबतो. आधीही सगळीकडे 'पाहिलं'च असेल, तर तो त्यावरून पुढे निघून जातो.