छप्पन्न शब्दांचं वाक्य

शनिवार, रात्र

पुढच्या रविवारी वाचनालयात इरावती कर्व्यांवर व्याख्यान आहे आणि प्रास्ताविक माझ्याकडे आहे. काल एका बैठकीत लिहून टाकलं. आज दुपारी आईला वाचून दाखवलं, ती मटार सोलत होती. पहिलं वाक्य हे असं होतं:

"१९०५ साली ब्रह्मदेशातील मिंजान येथे जन्मलेल्या, तेथील इरावती नदीवरून ज्यांचे नाव ठेवण्यात आले अशा, वयाच्या सातव्या वर्षी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत दाखल झालेल्या, मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचे शिक्षण घेऊन पुढे बर्लिन येथे डॉक्टरेट संपादन करणाऱ्या आणि १९३९पासून डेक्कन कॉलेजमध्ये संशोधन व अध्यापन केलेल्या डॉ. इरावती कर्वे यांच्या कार्याचा परिचय आज आपण करून घेणार आहोत."

आईने हुजूरपागेपाशीच विचारलं, "अगं, पण कोण दाखल झाली?"

कागदावर या वाक्यात खोट नाही. व्याकरण शुद्ध आहे, माहिती बरोबर आहे. मी शब्द मोजले: छप्पन्न. त्यातले पंचेचाळीस होऊन गेल्यावर बाईंचं नाव येतं. वाचणाऱ्याची नजर पुढे धावून नाव टिपून येते, मागे जाऊन 'जन्मलेल्या' पुन्हा पाहते. ऐकणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. 'जन्मलेल्या', 'झालेल्या', 'करणाऱ्या' ही सगळी विशेषणं तो हातात धरून उभा राहतो, कुणाला लावायची ते कळेपर्यंत. तोवर पहिली दोन गळून पडलेली असतात. मराठीत हे जास्त जाणवतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नामाची विशेषणं नामाच्या आधी.

म्हणून आधी नुसते तुकडे केले. "इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशात झाला. त्या पुण्यात आल्या. त्या हुजूरपागेत शिकल्या. त्या मुंबईला गेल्या." मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. कळत होतं सगळं, पण पहिलीच्या पुस्तकातल्या धड्यासारखं, एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नसलेलं. छोटं करायचं ते ऐकणाऱ्याचं ओझं, प्रत्येक वाक्य नव्हे. प्रत्येक वाक्याची लांबी सारखी झाली की कान पेंगतो.

दुसऱ्या खर्ड्यात वेगळीच चूक सापडली. मी लिहिलं होतं, "मुंबईला त्या डॉ. घुर्ये यांच्याकडे शिकल्या. त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला." प्रबंध कुणी लिहिला? ऐकताना मलाच घुर्ये वाटले. 'त्यांनी' बाईलाही चालतं आणि पुरुषालाही, आणि कानाला शेवटचं ऐकलेलं नाव जवळचं. लिहिताना आपण नावाची पुनरुक्ती टाळतो, शाळेत तसंच शिकवलेलं असतं. बोलताना नाव पुन्हा घ्यावंच लागतं. "इरावतीबाईंनी प्रबंध लिहिला" असं केलं आणि गोंधळ संपला.

संध्याकाळी तिसऱ्यांदा लिहिलं, या वेळी आधी मोठ्याने बोलून आणि मग कागदावर:

"ब्रह्मदेशात एक मोठी नदी आहे, इरावती. १९०५ साली तिथे एका मराठी घरात मुलगी झाली आणि तिला या नदीचं नाव मिळालं. सात वर्षांची झाल्यावर ती पुण्याला आली, हुजूरपागेत. पुढे मुंबईला गेली, घुर्ये सरांकडे समाजशास्त्र शिकली, आणि तिथून थेट बर्लिन. परत आली ती डॉक्टर होऊन. या डॉक्टर इरावती कर्वे. डेक्कन कॉलेजमध्ये १९३९पासून त्यांनी शिकवलं, संशोधन केलं. आज त्यांच्याबद्दल ऐकायचं आहे."

'मिंजान' गेलं. एकदा कानावर पडून कुणाच्या लक्षात राहणार नव्हतं, पण गाळताना जीवावर आलं. साल दोनच ठेवली. 'मार्गदर्शनाखाली' आणि 'संपादन' हे शब्दही गेले. मुंबई-बर्लिनचं वाक्य मात्र लांबच आहे आणि तरी ते चालतं, कारण त्यात 'गेली', 'शिकली' अशी क्रियापदं वाटेत येतात. प्रत्येकापाशी ऐकणारा ओझं खाली ठेवतो आणि पुढे निघतो. अडतं ते क्रियापद लांबणीवर पडलं की. शिवाय 'ती'ची 'त्या' झाली ती नाव पूर्ण घेतल्यावरच, म्हणून मान कुठे द्यायचा हेही कानाला आपोआप कळतं.

इरावतीबाईंच्या 'युगान्त' या पुस्तकाला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे पहिल्या परिच्छेदात कोंबायचा मोह होत होता. ते आता शेवटी, वक्त्यांच्या नावाच्या आधी घेतलं आहे, एका वेगळ्या वाक्यात.

प्रतीवर श्वासाच्या तिरप्या रेघा मारून ठेवल्या. 'बर्लिन'नंतर दोन मारल्या आहेत, कारण तिथे मी घाई करते, आणि घाई केली तर 'डॉक्टर होऊन' हे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाहीत. उद्या सकाळी आईसमोर पुन्हा एकदा, या वेळी कागद न बघता.