पॉज कोण वाचणार?

मागच्या महिन्यात एका रविवारी पाच मित्रमैत्रिणींना घरी बोलावलं, पोहे खायला घातले आणि मग त्यांच्या हातात सात-सात पानं कोंबून म्हटलं, वाचा आता. स्क्रिप्ट माझीच, छोट्याशा अ‍ॅनिमेशन फिल्मची, सहा मिनिटांत बसवायची होती. गोष्ट अशी की आजोबांचा दहावा, घाटावर सगळे जमलेत, पिंड ठेवलाय आणि कावळा काही शिवत नाही. मग एकेक नातेवाईक पुढे येऊन आजोबांना कबूल करतो की अमुक करू, तमुक करू, कावळा ऐकून घेतो आणि तरी हलत नाही. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला घेतात आणि तेवढ्यात छोटा नातू कावळ्याच्या कानात काहीतरी कुजबुजतो. एवढंच.

कागदावर मला ही स्क्रिप्ट भारी वाटत होती. चार वेळा मनातल्या मनात वाचली होती, दोनदा हसूही आलेलं. पण मनात वाचताना होतं काय, की आपण प्रत्येकाचा आवाज, थांबणं, भुवया वर करणं हे सगळं डोक्यातल्या डोक्यात भरून टाकतो आणि मग वाटतं की ते कागदावर आहेच. म्हणून दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं.

पहिली चूक मी सुरुवातीलाच केली. भटजी वाचायला कोणी उरला नाही म्हणून मीच घेतला. आता मी लिहिलेलं वाक्य मीच वाचणार म्हणजे जिथे लंगडतंय तिथे मी सूर लावून सांभाळून घेणारच, ते आपोआप होतं. शिवाय स्वतःची एंट्री जवळ आली की लक्ष तिकडे, आणि आधीची दोन वाक्यं ऐकलीच जात नाहीत. अर्ध्यात भटजी शेजारच्या काकांना दिला (साखर मागायला आले होते, बसले) आणि मी पेन्सिल घेऊन गप्प बसले. वाचणारा अडखळला की वर्तुळ, त्याने स्वतःच्या मनाने शब्द बदलला की खाली रेघ, हसले की टिक. बाकी काही लिहायचं नाही, नाहीतर लिहिण्यात पुढचं निसटतं. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवलेला होताच. एक सांगते, वाचनाआधी चिवडा ठेवू नका, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये अख्खा दुसरा सीन कुरुमकुरुम आहे.

स्क्रिप्ट आधी पाठवली नव्हती, मुद्दाम. आधी वाचून आलेला माणूस अवघड वाक्याची तयारी करून येतो आणि मग ते अवघड आहे हे कळतच नाही.

आता स्क्रिप्टमधल्या काकाचा डायलॉग बघा. मी लिहिलं होतं, "बाबा, तुम्ही गेली पन्नास वर्षं जिवापाड जपलेली ती जुनी स्कूटर मी कधीही विकणार नाही, असं मी तुम्हाला वचन देतो." वाचणारा मित्र "जिवापाड जप"पर्यंत आला, अडकला, परत मागे गेला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पान खाली ठेवून म्हणाला, "बाबा... स्कूटर नाय विकत." सगळे हसले. तो सॉरी म्हणाला आणि परत कागदावरचं वाक्य वाचायला लागला, मी म्हटलं थांब, वाचू नकोस, तेच राहू दे. माझं वाक्य सात-आठ सेकंद खात होतं, त्याचं दोनमध्ये आटोपलं. आणि माझ्या वाक्यात खरं तर काका बाबांशी बोलतच नव्हता, प्रेक्षकांना माहिती देत होता की स्कूटर जुनी आहे आणि आजोबांचा तिच्यावर जीव होता. बाबांना ते माहीत नाही का? स्कूटर जुनी आहे हे दाखवायला चित्र आहे की, घाटाच्या पायरीशी स्टँडवर लावलेली, सीटला चिकटपट्टी. अ‍ॅनिमेशन लिहिताना हे सारखं विसरायला होतं, म्हणजे चित्र काढणार आपण आणि तरी सगळं तोंडाने सांगत बसायचं.

वाचणारा आपणहून शब्द बदलतो तेव्हा दहातल्या आठ वेळा तो बरोबर असतो असं माझं मत झालंय. उरलेल्या दोन वेळा त्याला विनोद कळलेला नसतो, आणि तोही बहुतेकदा माझाच दोष.

अजून एक गोष्ट कानाला लागली जी डोळ्याला कधीच दिसली नव्हती. माझी सगळी पात्रं वाक्याची सुरुवात हाकेने करत होती. "बाबा, आम्ही...", "अहो भटजी, आता...", "अगं आई, तू...". लिहिताना ते घरगुती वाटतं. पाच जण ओळीने वाचायला लागले की हजेरी चाललीय असं वाटतं. घाटावर चार पावलांवर उभी असलेली माणसं एकमेकांना सारखी हाक मारत नाहीत. आत्या वाचणारी मैत्रीण तिसऱ्या पानावर म्हणालीच, "अगं किती बाबा बाबा, ते गेलेत ना?" अकरा हाका होत्या, सात उडवल्या.

हे डायलॉगचं झालं, ते तसं सोपं. खरा घोळ टायमिंगचा.

पहिलं वाचन संपलं तेव्हा स्टॉपवॉचवर पाच मिनिटं दहा सेकंद. मी खूश, सहाच्या आत! पण एक मित्र अ‍ॅनिमेटर आहे, स्टोरीबोर्ड करतो, तो म्हणाला की हा आकडा खोटा आहे. कसा, तर कृतीच्या ओळी वाचायला जो वेळ लागतो त्याचा पडद्यावरच्या वेळेशी काही संबंधच नसतो. "कावळा कठड्यावरून टुणटुण उड्या मारत पिंडापर्यंत येतो, वास घेतो, मागे फिरतो" हे वाचायला चार सेकंद. करून दाखव म्हटलं तर त्याने टेबलाच्या कडेवरून दोन बोटं चालवली, थांबवली, मान वाकडी केली, परत फिरवली, झाले तेरा. उलट आजीच्या चेहऱ्याचं मी पाच ओळींचं वर्णन लिहिलं होतं, वाचायला वीस सेकंद, पडद्यावर एक नजर, दोन सेकंद, संपलं.

आणि पॉज! माझ्या स्क्रिप्टचा सगळा जीव पॉजमध्ये. माणूस वचन देतो, कावळा बघतो, पॉज, कावळा तोंड फिरवतो. कृतीच्या ओळी वाचणारी मैत्रीण एकदम नीट बातम्या दिल्यासारखं वाचत होती, "कावळा बघतो पॉज कावळा तोंड फिरवतो". अर्ध्या सेकंदात पॉज झाला पण. तिची काही चूक नाही, कागदावर तो एक शब्दच आहे.

मग दुसऱ्यांदा वाचताना पद्धत बदलली. डायलॉग नेहमीसारखे वाचायचे, पण कृती आली की मैत्रिणीने ती एकदा पटकन सांगायची आणि मग गप्प, अ‍ॅनिमेटर मित्र ती करून दाखवणार, झालं की टेबलावर टकटक, मग पुढे. कावळ्याचं काम ज्याच्याकडे होतं त्याला आख्ख्या स्क्रिप्टमध्ये दोनदा "काव" एवढंच बोलायचं होतं, त्यालाही सांगितलं की पॉजला खरंच थांब, समोरच्याकडे बघ. स्टॉपवॉच एकूण न लावता तुकड्या-तुकड्याने लावलं. डायलॉग तीन मिनिटं वीस सेकंद, कृती आणि पॉज चार मिनिटं दहा सेकंद. म्हणजे साडेसात. म्हणजे दीड मिनिट जास्त, आणि ते कुठून कापायचं हेही त्याच वाचनात दिसलं.

वचनं पाच होती. पहिल्या वचनाला कावळ्याने तोंड फिरवलं, हलकंसं हसू. दुसऱ्याला जास्त. तिसरं म्हणजे स्कूटरचं, त्याला दणदणीत. चौथं आलं तेव्हा आत्याच्या हाताने पोह्यांची रिकामी डिश उचलून बघितली, आणि पाचव्याला शेजारच्या काकांनी सरळ फोन काढला. कोणी काही बोललं नाही. नंतर विचारलं तर सगळे म्हणाले छान आहे ग, मस्त आहे. म्हणून "कसं वाटलं" विचारून काही उपयोग नसतो, मित्र आहेत, पोहे खाल्लेत, वाईट कसं सांगतील. मी विचारलं की कोणकोणती वचनं आठवतायत, तर स्कूटर सगळ्यांना, पहिलं तिघांना, चौथं-पाचवं कुणालाच नाही. दोन्ही उडवली. एकेक वचन त्यातल्या पॉजसकट साधारण वीस सेकंदांचं होतं, चाळीस वाचले. स्कूटरसारखी अजून लांबलचक वाक्यं आणि त्या हाका मिळून पंधरा, सुरुवातीला आत्या आणि काका दहाव्याच्या खर्चावरून बोलतात ते पंचवीस (त्याचं वाईट वाटलं, त्यातलं एक वाक्य माझ्या लाडाचं होतं). आले सहा मिनिटं दहा सेकंदांवर.

आता कोणी म्हणेल की दहा सेकंदांसाठी एवढं काय, एडिटला कापू. कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये जास्तीचं शूट केलेलं असतं, इकडचं तिकडे लावता येतं. आमच्यात आधी आवाज रेकॉर्ड होतो, त्या आवाजावर तोंडं हलवायची. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला बारा चित्रं. काकाच्या त्या आठ सेकंदांच्या वाक्याची शहाण्णव झाली, आणि ती हाताने काढून मग फेकायची म्हणजे ज्याने काढली त्याच्याशी परत बोलता येणार नाही.

एक घोळ मात्र टेबलावर जवळजवळ निसटला होता. कावळ्याच्या दुसऱ्या "काव"ला सगळे पोट धरून हसले, मी मोठी टिक केली. रात्री रेकॉर्डिंग ऐकलं तर त्या हसण्याखाली आजीचं वाक्य पूर्ण बुडालेलं, आणि गोष्ट कळायला तेच वाक्य लागतं. शिवाय हसू माझ्या लिहिण्याला नव्हतंच, तो मित्र एरवी बँकेत बसतो, टाय लावून, त्याने "काव" केलं म्हणून ते हसले. पुढच्या रविवारी परत बोलावलं, भूमिका बदलून दिल्या, कावळा आत्याकडे गेला. त्याच "काव"ला कोणी हूं की चूं केलं नाही. टिक खोडली.

पण त्या दुसऱ्या रविवारी शेवटचा पॉज पहिल्यांदा नीट झाला. नातू कुजबुजतो, काय ते ऐकू येत नाही, आणि कावळा त्याच्याकडे बघत राहतो. मी लिहिले होते चार सेकंद. आत्याने मान थोडी तिरकी केली आणि थांबली ती थांबलीच, बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, तरी कोणी हललं नाही, कोणी फोनला हात लावला नाही. मी टेबलाखाली स्टॉपवॉच बघितलं, नऊ. अ‍ॅनिमेटर मित्राला कागदावर लिहून सरकवलं, नऊ सेकंद म्हणजे एकशे आठ चित्रं, जमेल का? त्याने खाली लिहिलं, वेडी आहेस का, स्थिर कावळ्याला कशाला एवढी, एकच चित्र धरून ठेवू. मग पेन्सिल उचलली, थोडा वेळ आत्याकडे बघत बसला, आणि पुढे जोडलं, पण एकदा डोळा मिचकावू दे, नाहीतर मेल्यासारखा दिसेल.