लाल पेन्सिल आणि माझी शीट

आमच्या विभागात दर महिन्याचा बँक ताळमेळ कागदावर व्हायचा. बँकेचं स्टेटमेंट आणि कॅश बुक, दोन्हींच्या प्रिंट काढायच्या, समोरासमोर ठेवायच्या आणि जुळलेल्या रकमेवर लाल पेन्सिलीने टिक करायची. मग दुसऱ्या कुणीतरी हिरव्या पेन्सिलीने तीच फेरी पुन्हा मारायची. टिक न झालेल्या एंट्र्या पत्रकात जायच्या: दिलेले पण अजून न वटलेले चेक, भरलेले पण जमा न झालेले पैसे, बँकेने कापलेले चार्जेस. ही पद्धत मॅडमनी बसवलेली होती आणि इतक्या वर्षांत ऑडिटरने त्यावर कधी बोट ठेवलेलं नव्हतं.

अडचण निर्माण झाली ती मुदतीमुळे. हिशेब दहा तारखेला बंद व्हायचे, ते पाचला बंद करा असं वरून आलं. दरम्यान महिन्याचे व्यवहार शे-दीडशेवरून सहाशेच्या वर गेले होते. दोन फेऱ्यांना दोन माणसांचे जवळजवळ तीन दिवस जात होते. रक्कम आणि व्यवहार क्रमांक एक्सेलमध्ये जुळवून घेतले तर पहिली फेरी तासाभरात उरकेल, हे मला दिसत होतं. हे मॅडमना सांगायचं कसं, हे मात्र दिसत नव्हतं.

एका पानाची टिपण लिहिली. त्यात "चुका कमी होतील" असं एक वाक्य आलं होतं, ते खोडलं. कुठल्या चुका, असा प्रश्न आला असता आणि दाखवायला माझ्याकडे एकही नव्हती. "वेळ वाचेल" हेही नुसतं ठेवलं नाही. त्यातून आजवर वेळ वाया जात होता असा अर्थ निघतो. सुरुवात मुदतीपासून केली: दहाची पाच झाली, व्यवहार चौपट झाले, माणसं तेवढीच आहेत. ही तिन्ही वाक्यं खरी होती आणि त्यांतलं एकही मॅडमच्या कामाबद्दल नव्हतं.

टिपण लगेच दिली नाही. मीटिंगमध्ये चारचौघांत विषय काढायचा नाही आणि महिनाअखेरीच्या धांदलीत तर नाहीच, एवढं ठरवलं होतं. महिन्याच्या मध्यावर, दुपारी त्या मोकळ्या असताना गेले आणि म्हटलं, "मॅडम, मागच्या महिन्याची एक फेरी तुमच्या शेजारी बसून बघू का? टिक करताना तुम्ही नेमकं काय काय बघता, ते मला समजून घ्यायचंय."

त्या हसल्या. "एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बस."

पुढच्या अर्ध्या तासात माझी टिपण निम्मी निकालात निघाली. मॅडम फक्त रक्कम जुळवत नव्हत्या. पेन्सिल चालू असताना चेकच्या क्रमांकांत मधला एखादा गळलाय का हे त्या बघत होत्या. एकाच पार्टीला एकाच आठवड्यात सारखी रक्कम दोनदा गेली की तिथे टिक न करता बाजूला बारीक टिंब देत होत्या. बेरजेत फरक आला की आधी तो नऊने भागून बघत होत्या. ५४ ऐवजी ४५ असे अंक उलटे पडले की फरकाला नऊने भाग जातोच. माझी शीट यातलं रक्कम जुळवण्याचं एकच काम करणार होती.

मग मी विचारलं, "हे कागदावरच ठेवण्यामागे काही कारण होतं का?"

कारण होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी हेच काम संगणकावर करून पाहिलं गेलं होतं. बँकेची फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली गेली. व्यवहार क्रमांक अठरा अंकी होते आणि एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपतं, पुढचे शून्य करून टाकतं. एकाच ग्राहकाच्या सारख्या रकमेच्या दोन जमा होत्या, दोन्हींचे क्रमांक शेवटच्या तीन अंकांतच वेगळे होते. ते तीन अंक गेले, दोन्ही एंट्र्या एकच दिसू लागल्या आणि कुणीतरी एक दुबार समजून उलटवली. ग्राहकाला भरलेल्या पैशांचं स्मरणपत्र गेलं. फोन मॅडमना घ्यावा लागला. त्या महिन्यापासून कागद.

आधी विचारलं ते बरं झालं. कागद ही सवय नव्हती, एका खऱ्या बिघाडावरचा इलाज होता.

"मग तोच प्रसंग आधी चालवून बघूया का?" मी म्हटलं. "त्यात शीट टिकली तर पुढचं बोलू." कोरी फाइल उघडली, रकाना टेक्स्ट केला आणि शेवटचे तीनच अंक वेगळे असलेले दोन क्रमांक भरले. अठराच्या अठरा अंक शाबूत दिसत होते. मॅडम म्हणाल्या, "दिसतात ठीक. आता मोजायला लाव." `COUNTIF` लावलं. क्रमांक वेगळे, म्हणजे प्रत्येकी १ यायला हवं होतं. उत्तर आलं २.

म्हणजे रकाना टेक्स्ट करूनही भागत नाही. `COUNTIF` आणि `COUNTIFS` अंकांसारखा दिसणारा मजकूर पुन्हा संख्या म्हणूनच वाचतात आणि पंधरा अंकांपुढचं सोडून देतात. मॅडमची शंका जुनी असली तरी शिळी नव्हती. तिथेच बसून सरळ तुलना करणारं सूत्र लावलं:

```
=SUMPRODUCT((Bank!$A$2:$A$900=A2)*(Bank!$C$2:$C$900=C2))
```

`A` मध्ये क्रमांक, `C` मध्ये रक्कम. आता प्रत्येक ओळीला १ आलं. १ म्हणजे जुळलं, ० म्हणजे बँकेत सापडलं नाही, २ किंवा जास्त म्हणजे माणसाने बघायचं. मॅडमनी एका क्रमांकाचा शेवटचा अंक स्वतः बदलून पाहिला, ० आलं. मग खुर्ची जरा जवळ ओढली.

टिपण मी तेव्हा पुढे केली, पण मागणी बदलून. लाल फेरी बंद करा असं नाही. १ आलेल्या ओळी शीट बाजूला काढेल, बाकीच्या सगळ्या तुमच्या लाल पेन्सिलीखाली येतील. त्यांच्या टिंबासाठी एक रकाना (तीच पार्टी, तीच रक्कम, सात दिवसांच्या आत) आणि चेकच्या गळलेल्या क्रमांकांसाठी एक.

मॅडमच्या दोन अटी होत्या. दोन महिने दोन्ही पद्धती समांतर चालवायच्या आणि बँकेची फाइल थेट डबल-क्लिक करून कुणीही उघडायची नाही, आयात करतानाच क्रमांकाचा रकाना टेक्स्ट ठेवायचा. दुसरी अट त्यांनी स्वतःच्या अक्षरात टिपणीवर लिहिली.

समांतर महिन्यांत शीट एका जागी हमखास अडायची. ऑनलाइन भरणा करून घेणारी कंपनी सात-आठ पावत्यांची रक्कम एकत्र करून, आपलं शुल्क कापून, बँकेत एकच जमा टाकते. तिथे एकास एक जुळवणी होतच नाही. मॅडम त्या कंपनीचं दिवसाचं पत्रक घेऊन मिनिटभरात कोडं सोडवत. तसं ते आजही त्यांच्याच ढिगात जातं. ढीग सत्तरेक ओळींचा उरलाय, ताळमेळ चार तारखेला हातात असतो.

हिरवी फेरी मात्र अजून आहे, तीही पूर्ण सहाशे ओळींची. माझ्या मते ती फक्त मॅडमच्या ढिगावर मारली तरी चालेल. पण ती कशामुळे सुरू झाली ते मी अजून विचारलेलं नाही, म्हणून तो विषय काढलेला नाही.