दीड टक्का कमी झाला, पण खरंच का?

आमच्या पाचपाखाडीतल्या जिमला जानेवारीत सहा आठवड्यांचं चॅलेंज होतं, ज्याचं बॉडी फॅट जास्त उतरेल त्याला तीन महिने फुकट. मी नाव दिलं. सुरुवातीला मशीनवर 27.4 टक्के, वजन 78.2. शेवटी 25.9 टक्के, वजन 77.6. ट्रेनर जाम खूश, "सर दीड टक्का गेला, आणि मसल वाढलाय बघा!" मी पण खूश, घरी जाऊन पेपर फ्रिजला लावला.

रात्री सहज हिशोब केला. 78.2 चे 27.4 टक्के म्हणजे 21.4 किलो चरबी, नंतर 77.6 चे 25.9 म्हणजे 20.1. म्हणजे चरबी गेली 1.3 किलो, पण काटा तर फक्त 600 ग्रॅमने हललाय, मग उरलेले 700 ग्रॅम कुठून आले? मशीनच्या मते मसल. माझं वय 41, आठवड्यातून तीनदा जिम, त्यातले दोनदा ऑफिसच्या नावाने दांडी, कमी खाऊन वर पाऊण किलो मसल म्हणजे जरा जास्तच झालं.

माझी आत्येबहीण मुलुंडला हाडांच्या डेक्सा स्कॅनची टेक्निशियन आहे. तिला पेपरचा फोटो पाठवला तर फोनच आला. म्हणाली, "अरे आमच्याकडे पेशंटच्या दोन स्कॅनमध्ये फरक दिसला की आम्ही लगेच वाढलं-घटलं म्हणत नाही. आधी आमची स्वतःची चूक किती ते काढलेलं असतं. 30 पेशंटना दोन-दोनदा स्कॅन करायचं, मधे टेबलावरून खाली उतरवून परत झोपवायचं, आणि त्यावरून आकडा काढायचा. फरक त्याच्यावर गेला तरच खरा धरायचा. तुझ्या जिमवाल्याने हे केलंय का?"

जिमवाल्याने काय करायचंय. मग मीच करायचं ठरवलं. तिला विचारलं की मशीन मुळात चुकीचंच दाखवत असेल तर काय उपयोग. ती म्हणाली ते वेगळं दुखणं. माझं खरं फॅट 31 असलं आणि मशीन कायम 27 दाखवत असलं तरी बदल बघायला चालतं, कारण ती चारची चूक दोन्ही वेळेला सारखीच आहे, वजा करताना उडून जाते. त्रास देते ती रोज वेगळी होणारी चूक.

आधी मी शहाणपणा करून एकाच सकाळी लागोपाठ चार वेळा उभा राहिलो, खाली उतरून परत वर. आकडे 0.2 च्या आत. वाटलं मशीन तर भारी आहे! ताईने तिथेच थांबवलं, "पाच मिनिटांत तुझ्या अंगातलं पाणी थोडंच बदलणार? चूक मशीनमध्ये कमी आणि तुझ्यात जास्त आहे." मुद्दा असा की हे मशीन चरबी मोजतच नाही. हातापायातून बारीक करंट सोडतं, अडथळा किती झाला ते बघतं, त्यावरून अंगात पाणी किती याचा अंदाज घेतं, चरबी सोडून बाकीच्या शरीरात साधारण 73 टक्के पाणी असतं असं धरून ते बाकीचं वजन काढतं, आणि उरलं ते चरबी. म्हणजे पाणी हललं की चरबी हलली.

म्हणून मार्चमध्ये सलग सात दिवस सकाळी सव्वासहाला, बाथरूमला जाऊन, उपाशीपोटी, पाणी न पिता, वर्कआउटच्या आधी मोजलं. ट्रेनर मला येडा समजायला लागला होता. आकडे आले 27.1, 26.4, 27.8, 26.9, 27.3, 26.2, 27.3. सरासरी बरोबर 27.0. आता दुसरा आणि तिसरा दिवस बघा, एका रात्रीत 1.4 टक्के वाढ म्हणजे माझ्या वजनाला अकराशे ग्रॅम चरबी! मिसळीचं अख्खं पातेलं रिकामं केलं तरी एवढी होणार नाही. आदल्या दिवशी मी उन्हात घोडबंदरला साईटवर होतो आणि पाणी कमी पडलं होतं, बहुतेक तेच.

एक्सेलमध्ये टाकलं:

```
=STDEV.S(B2:B8)
```

आलं 0.55. म्हणजे काहीही बदललं नसताना माझा आकडा इतका इकडेतिकडे नाचतो. ताईचा नियम असा की याला 2.77 ने गुणायचं. 95 टक्के खात्रीसाठी 1.96, आणि दोन मोजमापं आहेत, दोघांत चूक आहे, म्हणून वर दोनचं वर्गमूळ 1.41. 0.55 गुणिले 2.77 आलं 1.52, म्हणजे दीडच. थोडक्यात एकदा मोजून परत एकदा मोजलं तर दीडपर्यंतचा फरक नुसत्या नाचण्यातूनही येऊ शकतो. माझा चॅलेंजचा फरक नेमका 1.5, अगदी दारात उभा.

आणि हे दोन्ही वेळा परिस्थिती सारखी असेल तेव्हाचं. माझं काय झालं होतं? जानेवारीत रविवारी सकाळी उपाशी, थंडीत. फेब्रुवारीच्या शेवटी संध्याकाळी ट्रेडमिलवरून उतरून घामाघूम अवस्थेत. व्यायामानंतर कातडी गरम होते, रक्त वर येतं, करंटला अडथळा कमी होतो आणि मशीन चरबी कमी दाखवतं. खात्री करायला एका संध्याकाळी वर्कआउटच्या आधी आणि नंतर मोजलं, 26.8 आणि 25.7. तासाभरात 1.1 गेलं! फ्रिजवरचा पेपर काढला. (चॅलेंज जिंकलेल्या माणसाचं शेवटचं माप कधी घेतलं होतं ते मी विचारलं नाही, उगाच भांडण.)

मग करायचं काय, तर एकाऐवजी सात दिवसांची सरासरी धरायची. 0.55 ला सातच्या वर्गमुळाने भागलं की 0.21, गुणिले 2.77 म्हणजे साधारण 0.6. दोन आठवड्यांच्या सरासरीत 0.6 च्या वर फरक आला तर तो नाचण्यातला नाही.

मे महिन्यात परत सात दिवस तसंच मोजलं, सरासरी 25.9. फरक 1.1, सरळ 0.6 च्या वर. उड्या मारत ताईला फोन. तिने एवढंच विचारलं, "मधे काही नवीन सुरू केलंस का?" केलं होतं. एप्रिलपासून क्रिएटिन, जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पावडर. क्रिएटिनने मसलमध्ये पाणी वाढतं, पाणी वाढलं की मशीन म्हणतं चरबी कमी. आणि ही चूक सातही दिवस एकाच दिशेला असते, त्यामुळे सात काय सत्तर दिवसांची सरासरी काढली तरी जाणार नाही. एवढं गणित केलं आणि डब्यातल्या एका चमच्याने पाणी फिरवलं, तेही शब्दशः.

वाचवलं ते शिंप्याच्या टेपने. मार्चमध्ये आणि मेमध्ये त्या सात दिवसांत बेंबीपाशी टेप पण लावत होतो, श्वास सोडून, तीनदा. तो आकडा दिवसादिवसाला अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपासच हलायचा आणि सरासरी 96 वरून 93 वर आली. ताई म्हणाली हे तीन सेंटीमीटर धर, टक्के सोडून दे. क्रिएटिन बंद केलंय, महिन्याभराने पाणी उतरलं की परत सात सकाळी मोजणार आहे, ट्रेनरला अजून सांगितलं नाहीये.